भिंतीवरची रिकामी कात्री: सहा एकरांच्या साठ्याचा एक हिशेब

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारं पुजतात. कुदळ, फावडी, खुरपी, विळे, छाटणीच्या कात्र्या, फवारणीची गन, सगळं धुऊन-पुसून ओट्यावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडू वाहायचा आणि ट्रॅक्टरला हार घालायचा. वर्षभरात हा एकच दिवस असा, की घरातलं प्रत्येक अवजार आपली जागा सोडून एका ठिकाणी येतं. आणि तरीही ती मोजावीत असं इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. वास्तविक लग्नाआधी दोन वर्षं मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं होतं आणि तिथं महिन्याला साठा मोजणं हेच माझं काम होतं.

आमचं शेत निफाड तालुक्यात आहे. दोन एकर थॉमसन द्राक्षांची बाग, अडीच एकर उन्हाळ कांदा, एक एकर गहू आणि उरलेल्या अर्ध्या एकरात जनावरांचा चारा. घरात सासरे, म्हणजे दादा, सासूबाई, माझा नवरा, धाकटे दीर आणि शेतावर एक सालदार काका. खतं-बियाणं कोण आणतं, तर जो त्या दिवशी गावात जाईल तो. कुठं ठेवतं, तर जिथं रिकामी जागा दिसेल तिथं.

हिशेब सुरू झाला तो ०:५२:३४ मुळं. त्या वर्षी सप्टेंबरात भावजींनी ऑक्टोबर छाटणीच्या तयारीसाठी या खताच्या दोन बॅगा आणल्या. विद्राव्य खतांमध्ये हे आमच्या खिशाला चांगलंच लागणारं खत आहे. पंधरा दिवसांनी कांद्याच्या चाळीतलं जुनं बारदान उचललं, तर खाली याच खताच्या २५ किलोच्या दोन बॅगा, जूनमध्ये आणलेल्या, शिलाईसुद्धा न उसवलेल्या. कुणी चोरलं नव्हतं, काही वाया गेलं नव्हतं. पण पैसे विनाकारण अडकले होते. दादा एवढंच म्हणाले, "आपल्याकडं काय आहे ते आपल्यालाच माहीत नाही." त्यानंतर चारच दिवसांनी खंडेनवमी होती. पूजा झाली आणि फुलं काढायच्या आत मी वही घेऊन बसले.

पहिली मोजणी

दादांच्या अंदाजानं छाटणीच्या कात्र्या बारा होत्या. ओट्यावर सात निघाल्या. खुरपी "असतील वीसेक" होती, ती तेरा भरली. ठिबकच्या नळीला भोक पाडायचा पंच तीन वेळा विकत घेतलेला सगळ्यांना आठवत होता, पण ओट्यावर एकही नव्हता.

हरवलेल्या पाच कात्र्यांपैकी दोन विहिरीवरच्या मोटार खोलीत मिळाल्या, एक शेणखताच्या ढिगात गंजलेली सापडली. बाकीच्या दोनांचं कोडं वेगळंच निघालं. आमच्याकडं छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची टोळी येते. त्यांच्या स्वतःच्या कात्र्या असतात, पण धार गेली की आम्ही आमची देतो. टोळीच्या मुकादमाला फोन केला, तेव्हा तो हसतच म्हणाला, "ताई, तुमची एक आमच्याकडं आहे, पण आमची एक तुमच्याकडं आहे. लाल मुठीची बघा." बघितलं, तर ओट्यावरच्या सातांतली एक खरंच त्यांची होती. म्हणजे आमच्या कात्र्या सात नव्हत्याच, सहा होत्या. अकराव्या आणि बाराव्या कात्रीचा पत्ता मात्र अजून लागलेला नाही.

खतं आणि बियाणं दुसऱ्या दिवशी मोजली. ती चार ठिकाणी विखुरलेली होती: ट्रॅक्टरची शेड, कांद्याच्या चाळीचं टोक, मोटार खोली आणि घरातली माळ्याची फळी. मी आधी जागा लिहिली आणि मग त्या जागेवर काय आहे ते लिहिलं. कारखान्यात लागलेली ही सवय इथं उपयोगी पडली. उलट क्रमानं, म्हणजे "युरिया किती?" असं विचारत निघालो असतो, तर आठवतील तेवढ्याच जागा पाहिल्या असत्या आणि चाळीतल्या बॅगा पुन्हा सुटल्या असत्या. जागा धरून निघालं की त्या जागेवरचं जे आठवत नाही तेही हाताला लागतं.

मोजता मोजता दोन गोष्टी अशा दिसल्या, की वही बाजूला ठेवून आधी त्या हलवाव्या लागल्या. शेडमध्ये १३:०:४५ च्या बॅगांना टेकून डिझेलचा कॅन होता आणि त्याच थप्पीवर फवारणीच्या गंधकाची पुडकी. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आपला सोरा. ते स्वतः पेटत नाही, पण आग लागली तर तिला प्राणवायू पुरवतं. सोरा, गंधक आणि कोळसा ही बंदुकीच्या दारूची शाळेत शिकलेली कृती. आमच्या शेडमध्ये त्यातले दोन जिन्नस एकावर एक रचलेले होते आणि तिसऱ्याच्या जागी डिझेल होतं. डिझेल त्याच दिवशी मोटार खोलीच्या बाहेरच्या कोनाड्यात गेलं आणि गंधक औषधांच्या कपाटात.

दुसरी गोष्ट म्हणजे मोटार खोलीतली कॅल्शियम नायट्रेटची फोडलेली बॅग. ऑगस्टमध्ये त्यातलं निम्मं वापरून तोंड नुसतं मुरगाळून ठेवलेलं होतं. आता आत वर पाक आणि खाली दगड झाला होता. हे खत हवेतला ओलावा इतक्या सहज ओढतं, की आपल्या पावसाळ्यातल्या हवेत उघडं राहिलं तर त्याचं पाणी होणारच. युरियासुद्धा ओलावा ओढतो, पण त्याला बरीच जास्त दमट हवा लागते. म्हणून युरियाची उघडी गोणी पावसाळ्यात खडे धरते आणि कॅल्शियम नायट्रेटची बॅग सरळ वितळते. वितळलेल्या खतातली अन्नद्रव्यं उडून गेलेली नसतात, ते ठिबकमधून देता येतं. पण त्यात पाणी किती आणि खत किती हे कळत नसल्यानं वजन करून मात्रा ठरवता येत नाही. आम्ही ते पाण्यात विरघळवून चाऱ्याच्या तुकड्याला देऊन टाकलं आणि वहीत "मोजता न येणारे, संपवले" अशी नोंद केली.

वही का चालली नाही

माझी पहिली पद्धत सपशेल फसली. मोबाइलवर तक्ता केला होता: वस्तू, कंपनी, बॅच, खरेदी तारीख, दर, जागा, वापर, गट नंबर, शिल्लक वगैरे मिळून चौदा रकाने. पहिल्या आठवड्यात मी भरला, दुसऱ्या आठवड्यात नवऱ्यानं दोनदा भरला आणि तिसऱ्या आठवड्यात कुणीच नाही. चिखलाचे हात, खिशात मोबाइल आणि ड्रिपला खत सोडायची घाई. त्या वेळी माणूस चौदा रकाने भरणार नाही, आणि त्याचा राग धरण्यातही अर्थ नाही.

मग शेडमध्ये दोरीला पेन बांधून वही ठेवली. खरेदी तिच्यात नीट उतरायची, कारण बिल हातात असायचं. वापर मात्र उतरायचा नाही. सालदार काकांना लिहिता येत नाही. भावजी म्हणायचे, "वहिनी, संध्याकाळी सांगतो," आणि संध्याकाळी कधी एक गोणी सांगायचे, कधी दीड. शेवटी माझ्या लक्षात आलं, की वापराची नोंद माणसाच्या आठवणीवर किंवा शिस्तीवर टाकून चालणार नाही. वस्तू वापरली की तिच्यामागं काहीतरी उरतं: रिकामी गोणी, भिंतीवरची रिकामी जागा, बियाण्याच्या पिशवीचं फाडलेलं लेबल. ते जपलं तर नोंद अर्धी आपोआप होते.

गोणी, खुंटी आणि काटा

खतांसाठी असं ठरलं. सगळी दाणेदार खतं शेडमध्ये एकाच भिंतीकडं, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून. विद्राव्य खतं समोरच्या बाजूला. त्यातही कॅल्शियम नायट्रेट एका टोकाला निळ्या झाकणाच्या ड्रममध्ये आणि ०:५२:३४ हे फॉस्फेटचं खत व सल्फेटची खतं दुसऱ्या टोकाला. हे अंतर दमटपणासाठी नाही, घाईसाठी आहे. कॅल्शियम आणि फॉस्फेट किंवा सल्फेट एकाच टाकीत गेलं की पांढरा साका बसतो आणि ड्रिपर बुजतात. जवळजवळ ठेवलेल्या दोन पांढऱ्या बॅगा पहाटेच्या अंधारात एकाच बादलीत जातात, हे आमच्याकडं एकदा होऊन गेलेलं आहे.

प्रत्येक खताच्या थप्पीला पुठ्ठ्याचं एक कार्ड लटकवलं. त्यावर पाचच रकाने: तारीख, आले, गेले, कुठल्या तुकड्याला, शिल्लक. कारखान्यात याला बिन कार्ड म्हणायचे. कार्डाशेजारी एक खुंटी. गोणी संपली की रिकामी गोणी या खुंटीला अडकवायची. ती कांद्यावर झाकायला न्यायची नाही, शेण भरायला न्यायची नाही, महिन्याची मोजणी होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. हा नियम पाळून घेणं सगळ्यांत अवघड गेलं. रिकामी गोणी शेतात सोन्यासारखी असते, ती खुंटीला लटकलेली पाहून सासूबाईंचा जीव तुटायचा. शेवटी जुन्या गोण्यांचा एक गठ्ठा मी त्यांच्या ताब्यात दिला, तेव्हा खुंटी सुरक्षित झाली.

शिवाय एक हँगिंग काटा आणला. एका वेळी एकच गोणी फोडलेली असेल आणि महिन्याला तिचं वजन होईल, असं ठरलं. बंद गोण्या नुसत्या मोजायच्या, फोडलेली वजनावर घ्यायची.

काटा आला आणि दादांच्या मापाचा एक जुना घोळ बाहेर पडला. दादा खत गोणीच्या भाषेत देतात: कांद्याला युरिया "एकरी सव्वा गोणी". हे माप त्यांच्या हातात बसलं ते गोणी ५० किलोची होती तेव्हा. २०१८ पासून युरियाची गोणी ४५ किलोची झाली. डीएपीची आणि १०:२६:२६ ची मात्र ५० किलोचीच राहिली. म्हणजे सव्वा गोणीचे साडेबासष्ट किलोऐवजी सव्वाछप्पन्न किलो झाले होते, आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. खताची शिफारस किलोत असते. आपल्याकडं कांद्याला हेक्टरी १०० किलो नत्र सांगतात, म्हणजे एकरी ४०. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणून ४५ किलोच्या गोणीत ते २०.७ किलो येतं. कार्डावर "गोण्या" असा रकाना ठेवला असता तर हा फरक तसाच दबून राहिला असता. म्हणून कार्डावर गोणी आणि किलो दोन्ही लिहायचं ठरवलं. दादांना हे पटायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं, कांदा तर चांगला येत होता. तेही खोटं नव्हतं.

फेब्रुवारीत साडेबावन्न किलो गेले कुठे

पद्धत खरी उपयोगी पडते का, ते फेब्रुवारीअखेरच्या मोजणीत कळलं. युरियाचं कार्ड असं होतं. खंडेनवमीला सहा बंद गोण्या म्हणजे २७० किलो आणि फोडलेल्या गोणीत साडेअठरा, मिळून २८८.५ किलो. डिसेंबरात दहा गोण्या आल्या, म्हणजे ४५० किलो. एकूण ७३८.५. वापर लिहिलेला: गव्हाला दोन गोण्या, चाऱ्याला एक, कांद्याला पहिल्या हप्त्यात दोन आणि दुसऱ्या हप्त्यात दोन. सात गोण्या म्हणजे ३१५ किलो. शिल्लक असायला हवी होती ४२३.५ किलो. प्रत्यक्षात आठ बंद गोण्या आणि फोडलेलीत ११ किलो, म्हणजे ३७१ किलो मिळाला. ५२.५ किलोचा फरक पडत होता.

पहिला संशय अर्थातच लिहायला विसरलेल्या वापरावर गेला. भावजी म्हणाले, कांद्याला दुसऱ्या हप्त्यात तीन गोण्या गेल्या असतील. मी ते लगेच लिहिणार होते. तेवढ्यात नवरा म्हणाला, "खुंटी मोज ना आधी."

खुंटीवर सात रिकाम्या गोण्या होत्या. आता हिशेब असा लागतो: सुरुवातीची फोडलेली एक, आणि सोळा बंदमधल्या आठ उरल्या म्हणजे आठ कमी झालेल्या, अशा मिळून नऊ गोण्या. त्यातली एक अजून फोडलेली उभी आहे. उरलेल्या आठ रिकाम्या होऊन खुंटीवर असायला हव्यात. होत्या सातच. कांद्याला जास्तीची गोणी फोडली असती तर तिचं रिकामं बारदान खुंटीवर आलं असतं. ते नव्हतं, याचा अर्थ एक गोणी न फुटताच शेडबाहेर गेली होती.

हा प्रश्न जेवताना टाकला आणि सासूबाईंना लगेच आठवलं. जानेवारीत चुलत दिरांच्या गव्हाला पाणी सुरू होतं, दुकानात युरिया नव्हता, म्हणून त्यांचा मुलगा येऊन एक गोणी घेऊन गेला. घरात तेव्हा फक्त सासूबाई होत्या. त्यांना कार्डावर काही लिहायचं असतं हे कुणी सांगितलेलंच नव्हतं, तो दोष माझा. भावजींचं "तीन गोण्या गेल्या असतील" मी लिहून टाकलं असतं, तर कार्ड किलोत जवळपास जुळलं असतं, उसनवारी कायमची बुडाली असती आणि पुढच्या वर्षी कांद्याला खरंच एक गोणी जास्त गेली असती. चुकीची नोंद कोऱ्या नोंदीपेक्षा जास्त नुकसान करते, ते असं.

राहिले साडेसात किलो. त्यातले पाच सालदार काकांनी सांगितले. कांद्यावर एक टक्का युरियाची फवारणी झाली होती: २०० लिटरच्या ड्रमला दोन किलो, अडीच ड्रम, म्हणजे पाच किलो. ते फोडलेल्या गोणीतून घमेल्यानं काढले होते, म्हणून गोण्यांच्या मोजणीत ते दिसणारच नव्हते. असा वापर फक्त काट्यावर दिसतो. तेव्हापासून काका फवारणीच्या दिवशी शेडच्या दारावर कोळशानं ड्रममागं एक रेघ ओढतात आणि मी संध्याकाळी त्या रेघा कार्डावर उतरवते.

उरलेले अडीच किलो मी शोधले नाहीत. काट्याची चूक, गोणीला चिकटलेले दाणे, उचलताना सांडलेलं, एवढ्यात ते बसतात. ७३८ किलोंमागं अडीच म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी. शंभर ग्रॅमपर्यंत हिशेब जुळवायचा माझा कारखान्यातला हट्ट मी इथं सोडून दिला.

दोन डबे, दोन्हीत काळं बी

बियाण्याची गोष्ट खंडेनवमीच्याच आठवड्यातली, पण ती वेगळी सांगायला हवी. घरात कांद्याच्या उळ्याचे दोन डबे निघाले. घरचंच बी, डोंगळे धरून काढलेलं. एका डब्यात पाच किलो आणि दुसऱ्यात चार. अडीच एकरांना एकरी तीन किलोच्या हिशेबानं आठ किलो पुरतं. वहीत मी "उळे ९ किलो, पुरेसे" असं लिहूनही टाकलं. मग सासूबाईंनी सांगितलं, की एक डबा यंदाच्या मे महिन्यातला आहे आणि एक मागच्या वर्षीचा, पण कुठला कोणता ते त्यांना सांगता येईना. दोन्ही डबे तेलाचे, दोन्ही बिनलेबलाचे, आणि बी दोन्हीत सारखंच काळं.

कांद्याचं बी फार लवकर मरतं. गव्हा-हरभऱ्यासारखं ते वर्षभर निर्धास्त ठेवता येत नाही. साधारण नियम असा सांगतात, की बियाण्यातला ओलावा एक टक्क्यानं कमी झाला किंवा साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं, की आयुष्य सुमारे दुपटीनं वाढतं. उलट दिशेनंही तेच. यातला एक डबा मधल्या खोलीत जमिनीवर होता आणि दुसरा माळ्यावर, पत्र्याखाली. एप्रिल-मेमध्ये त्या माळ्यावर हात ठेववत नाही.

उगवण तपासायला वेळ हाताशी होता, कारण उन्हाळ कांद्याचं रोप आम्ही ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात टाकतो. प्रत्येक डब्यातून वरून, मधून आणि तळातून चिमटी-चिमटी घेऊन शंभर दाणे मोजले. वरचेच दाणे घेतले तर तळाशी ओल लागलेली असल्यास कळत नाही. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या रांगा मांडल्या, गुंडाळी केली आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडलं. सहाव्या दिवशी पहिली मोजणी, बाराव्या दिवशी शेवटची. नुसतं टोक फुटलेला दाणा धरायचा नाही, मूळ आणि कोंब दोन्ही नीट असलेलाच धरायचा. खोलीतल्या डब्याचे शंभरात ८६ उगवले. माळ्यावरच्याचे ३९, आणि त्यांतले बरेचसे दाणे बुरशीनं वेढलेले. प्रमाणित कांदा बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते.

दादांचं मत पडलं की जुनं बी दुप्पट टाकू, तेवढीच रोपं मिळतील. आकड्यांत ते खरं दिसतं: चार किलोंतलं जिवंत बी दीड किलोच्या आसपास, म्हणजे तेवढी तरी रोपं निघतील. पण म्हाताऱ्या बियाण्यातून जे उगवतं ते मागं-पुढं उगवतं आणि अशक्त असतं. एकाच वाफ्यात निम्मी रोपं लावणीला आलेली आणि निम्मी दोऱ्यासारखी, असं झालं तर लावणीच्या मजुरीत सगळी बचत जाते. शेवटी जुना डबा बाद केला आणि तीन किलो प्रमाणित बी विकत आणलं. म्हणजे मोजणीत नऊ किलो असलेला साठा प्रत्यक्षात पाचच किलोंचा होता. बियाण्याच्या कार्डावर तेव्हापासून वजनाशेजारी उगवणीचा आकडा आणि तपासणीची तारीख असते, आणि त्याशिवाय ते वजन आम्ही धरतच नाही.

विकतच्या बियाण्याचं लेबल कापून बिलासोबत कार्डाला टाचतो. त्यावर लॉट नंबर, तपासणीची तारीख आणि कधीपर्यंत वैध ते असतं. पिशवी आणि मूठभर बीसुद्धा रोप उगवेपर्यंत ठेवतो. उगवण फसली तर तालुक्याच्या तक्रार समितीकडं जाताना हेच लागतं, आणि नेमकी तीच पिशवी वाफा पेरून झाला की बांधावर उडालेली असते. बियाणं आता घरातच, मधल्या खोलीत. खतांच्या शेडमध्ये नाही आणि तणनाशकाच्या आसपास तर अजिबात नाही.

कात्र्यांची भिंत

अवजारांचं काम सगळ्यांत सोपं निघालं. शेडच्या एका भिंतीला खिळे ठोकले, प्रत्येक अवजार टांगलं आणि त्याच्या कडेनं गेरूनं रेघ काढली. अवजार उचललं की भिंतीवर त्याचा आकार उरतो. दिवेलागणीला एक नजर टाकली की काय परत आलं नाही ते दिसतं. उसनं दिलं तर त्या रिकाम्या आकारात नेणाऱ्याचं नाव खडूनं लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही ते येऊन सांगतात. आमच्या मुठींना निळ्या रंगाची पट्टी मारली, म्हणजे टोळीच्या कात्र्यांशी घोळ होणार नाही. लाल मुठीची त्यांना परत दिली, आमची आली. खुरपी मात्र भिंतीवर टांगली नाहीत, ती रोज लागतात. ती घमेल्यात असतात आणि खंडेनवमीलाच मोजली जातात. प्रत्येक खुरप्यामागं धावण्यात दिवस घालवण्यापेक्षा वर्षाला दोन-चार नवी आणलेली परवडतात.

अकराव्या आणि बाराव्या कात्रीचे आकार मी मुद्दाम काढून ठेवले होते. ते तसेच रिकामे आहेत.

चुलत दिरांची गोणी यंदा जूनमध्ये परत आली, पण ती जशीच्या तशी आली नाही. त्यांना दुकानात गंधकाचा लेप दिलेला युरिया, युरिया गोल्ड, मिळाला होता, त्याची एक गोणी त्यांनी आणून टाकली. ही गोणी ४० किलोची. तिच्यात नत्र ३७ टक्के आणि गंधक १७ टक्के. आमच्या गेलेल्या गोणीत २०.७ किलो नत्र होतं, परत आलेलीत १४.८. नत्र सहा किलोंच्या आसपास कमी पडलं, पण गंधक ६.८ किलो जास्तीचं आलं, आणि कांद्याला गंधक लागतंच. कार्डावर हे "परत" म्हणून लिहायचं की नवीन खत म्हणून, यावर घरात बरीच चर्चा झाली. मी वेगळं कार्ड केलं, वेगळी खुंटी ठोकली आणि जुन्या कार्डावर "उसने: जमा, ४० किलो, वेगळा प्रकार" असं लिहिलं. दादांनी ते वाचून घेतलं आणि म्हणाले, "सहा किलोंसाठी भावकीत जाऊ नकोस म्हणजे झालं."